फक्त पोझसाठी घेतला गं

सकाळी एका जवळच्या मित्राने एआयने बनवलेलं चित्र टाकलं. हातात मशाल घेतलेली योद्धा मुलगी, केस उडतायत, तोंड उघडं, हसतेय. मी लाईकसुद्धा ठोकला. मग दात दिसला. माझा पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला आहे. शाळेत त्यावरून इतकं ऐकलंय की तो मी कुठेही ओळखेन. भुवईवरची खूण मात्र गायब, कातडी गुळगुळीत. म्हणजे दात ठेवला आणि टाके पुसले!

फोन केला. म्हणे, "अगं, फक्त पोझसाठी घेतला तुझा फोटो." दोन वर्षांपूर्वी त्यानेच काढलेला, ग्रुपवर टाकलेला.

हे ऐकून जास्त डोकं फिरलं, कारण मी स्वतः ही टूल्स वापरते. फक्त पोझ हवी असेल तर फोटोतून नुसता सांगाडा काढता येतो: खांदे, कोपर, गुडघे जोडणाऱ्या रेघा. चित्र त्या रेघांवरून बनतं, चेहरा त्यात जातच नाही. त्याने अख्खा फोटो दिला आणि बदलाचा आकडा ०.३५ वर ठेवला. हा आकडा शून्याजवळ असला की मूळ फोटो जवळपास तसाच उरतो, एककडे नेला की माणूस पुसला जातो. ०.३५ला दात राहणारच ना रे बाबा! आणि खूण पुसली जाते, कारण असल्या बारीक गोष्टी मॉडेल आपल्या मनाने 'नीट' करून टाकतं.

"चित्रकार पूर्वीपासून मित्रांचे फोटो बघून काढतातच की," हेही ऐकवलं. बरं, काढतात. पण कागदावर काढताना माझा फोटो कुणा तिसऱ्याच्या सर्व्हरवर चढत नाही. स्वतःच्या मशीनवर केलं असतं तर तेवढा मुद्दा सोडला असता. त्याने वेबसाईटवर केलं.

खरं सांगू? विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. वर सांगितलं असतं, खूण ठेव. फोटो काढायला हो म्हटलं होतं, ग्रुपवर टाकायलाही. योद्धा व्हायला कधी म्हटलं? एक मेसेज करायचा: हा फोटो, या टूलमध्ये, असं चित्र, इथे टाकणार, चालेल का? आणि चित्र झाल्यावर टाकण्याआधी पुन्हा दाखवायचं, कारण काय निघणार हे त्यालाही आधी माहीत नसतं.

तो वाईट नाहीये. टाके पडले त्या दिवशी दवाखान्यात माझ्या शेजारी तोच बसला होता, म्हणून तर ती पुसलेली खूण इतकी लागली.

दुपारी मेसेज आला, "डिलीट केलं." मी विचारलं, पोस्ट की त्या वेबसाईटवर चढवलेला फोटो? कारण पोस्ट काढली म्हणून तो जात नाही, तिथल्या अकाउंटमधून वेगळा काढावा लागतो.

"थांब, बघतो," म्हणाला. अजून बघतोय.