रेंडरमधलं खरं किती?

मॅडम, हॉलचं रेंडर परत आलं, परत तेच! टीव्हीखाली दहा फुटी तरंगतं शेल्फ, जाडी बोटभर, सांधा कुठेच नाही. प्लायची शीट सहसा आठ फुटांची येते, व्हिनिअरही बहुतेक आठ फुटी. अख्खं सियागंज पालथं घातलं तरी दुकानदार आठ फुटीच दाखवतो. म्हणजे सांधा येणारच. तो मधोमध हवा की टीव्हीच्या कडेच्या रेषेत, हे तुम्ही सांगा. नाहीतर आमचा सुतार शीट वाचेल तिथे देतो, आणि मग फोन मला येतो.

आणि ती जाडी! नुसतं १८ एमएमचं प्लाय एवढ्या लांबीला सेट-टॉप बॉक्स ठेवला की महिन्या-दोन महिन्यांत पुढून झुकतं. आत लोखंडी चौकोनी पाइप घालून तो भिंतीत धरला, तर शेल्फ टिकेल. पण जाडी ५० एमएमच्या आसपास जाईल. पाइप पॅनेलिंगच्या आधी बसवायचा असतो, म्हणून आजच विचारतोय.

मागच्या साइटवर संगमरवराच्या रेषा नुसता 'मूड' निघाल्या आणि हँडलची जागा 'फायनल'. आम्ही नेमकं उलट धरलं होतं. काढा-लावा आमच्या खर्चाने. (पोहे-जिलबी मात्र क्लायंटने दिली, खोटं का बोला.)

तेव्हा त्याच चित्रावर लाल पेनाने खुणा करा: मापं, सांधे, लाइटच्या जागा, जे पक्कं असेल ते. कुंडी, पडदे, संध्याकाळचं ऊन सोडून द्या. ऊन मी तसंही लावू शकत नाही.