बिडाची जुनी इस्त्री: आधी शिवण बघा, नाव शेवटी वाचा

जुन्या बाजारात कोळशाची इस्त्री हातात घेतली की विकणारा आधी गंज दाखवतो आणि मग नाव. "बघा किती जुनी आहे, वर विलायती कंपनीचं नाव पण आहे." घेणारा तिथेच हरतो, कारण वय ठरवताना सगळ्यात कमी भरवसा ठेवावा अशा याच दोन गोष्टी आहेत. बिडाचं कुठलंही भांडं पावसाळाभर अंगणात पडू द्या, चार महिन्यांत लालभडक होतं. नावाचं म्हणाल तर अक्षरं साच्यात उठतात, आणि जुन्या वस्तूचाच साचा घेऊन आज नवीन वस्तू ओतता येते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी ओतकामाची शिवण, मग खड्डे, आणि नाव सगळ्यात शेवटी.

शिवण म्हणजे काय, ते आधी सांगतो. बीड वाळूच्या साच्यात ओततात आणि साचा दोन भागांचा असतो. ते दोन भाग जिथे एकमेकांवर बसतात तिथे वितळलेलं बीड थोडं फटीत शिरतं आणि थंड झाल्यावर बारीक उभी कड राहते. इस्त्रीच्या पेटीत ही कड बहुतेक वरच्या काठावर येते आणि घासून काढलेली असते, त्यामुळे तिथे फारसं काही दिसत नाही. बघायची जागा म्हणजे पुढची कडी आणि मुठीचे दोन खांब. कडीवर कोंबडा असेल तर शिवण त्याच्या तुऱ्यावरून, चोचीवरून आणि शेपटीवरून मधोमध जाते. इस्त्री खरोखर वापरलेली असेल तर दर वेळी कोळसा घालताना अंगठा तिथेच लागलेला असतो. तुऱ्यावरची शिवण झिजून गुळगुळीत झालेली असते आणि शेपटीच्या खाली, जिथे बोट पोचत नाही, तिथे ती अजून जाणवते. ही असमान झीज खोटी करणं अवघड आहे. नवीन मालात शिवण सगळीकडे सारखी धारदार असते, नाहीतर सगळीकडे सारखी घासलेली.

शिवण कशाने घासली आहे तेही बघा. कानशीने घासलेल्या जागी सरळ, थोड्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असतात. हातातल्या ग्राइंडरने घासलेल्या जागी एकाच बाजूला वळलेल्या कमानी दिसतात. असा ग्राइंडर जर्मनीत १९५४ साली आला. म्हणजे कमानीचे ओरखडे असतील तर त्या जागेवर बहुधा १९५४ नंतर कुणीतरी हात फिरवला आहे. वस्तू जुनी असून नंतर साफ केलेली असू शकते. पण ओरखडे शिवणीवर आहेत आणि त्यांच्यावर गंजाचा एकसारखा थर चढलेला आहे, असं दिसलं तर गंजही मागाहून आणलेला आहे हे समजा.

इथे आपल्याकडची एक अडचण आहे. हाताने वाळू ठोकून साचा करण्याची पद्धत आपल्या लहान फाउंड्र्यांत आजही चालते. त्यामुळे "हाताचं ओतकाम, म्हणून जुनं" हा नियम भारतीय कढईला किंवा तव्याला लावता येत नाही. अमेरिकी भांड्यांना तो बऱ्यापैकी लागतो. तिथे साधारण १८९० च्या आधीच्या पुष्कळ भांड्यांत बीड तळातून ओतलेलं असे आणि ते तोडल्याची लांबट, उंचवट्याची खूण तळाच्या मधोमध राहत असे. नंतर बाजूने ओतायला लागले, तेव्हा ही खूण तळावरून गेली. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत घावन आणि भाकरीसाठी जुने तवे हौसेने घेतले जातात, त्यांच्यासाठी ही खूण सोन्यासारखी आहे. तळावर तिरकी उंच रेघ दिसली आणि ती तडा नाही याची खात्री झाली, तर तवा खाली ठेवू नका. खात्री करायला तवा बोटावर टांगून लाकडाच्या चमच्याने हलकेच वाजवायचा. अखंड बीड घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द आवाज देतं.

आता खड्डे. खड्डे वय सांगत नाहीत, वस्तू कशी वापरली आणि कुठे ठेवली ते सांगतात. कोळशाच्या इस्त्रीत रोज निखारे पडतात आणि राख कोपऱ्यात साठते. राख ओलावा धरून ठेवते. म्हणून खऱ्या वापराचे खड्डे पेटीच्या आत तळाशी, मागच्या बिजागरीजवळ आणि हवेच्या भोकांच्या खालच्या कडेला जास्त असतात. खालची कपड्यावर फिरणारी बाजू मात्र गुळगुळीत हवी, कारण ती रोज कापडाने घासली गेलेली असते. आत खड्डे आणि खाली आरसा, हे जोडीने दिसलं की वस्तू बोलायला लागते. उलट आत, बाहेर, खाली, बिजागरीच्या खिळ्याखाली सगळीकडे टोचे असतील तर वस्तू ॲसिडात बुडवलेली आहे किंवा वर्षानुवर्षं जमिनीत पडलेली आहे. जमिनीतून आलेल्या वस्तूचे खड्डे खोल आणि वेडेवाकडे असतात, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त खाल्लेली असते. ॲसिडाचे उथळ आणि दाट असतात, आणि गंज बोटाला नारिंगी भुकटीसारखा लागतो. जुना गंज काळपट तपकिरी असतो, नखाने निघत नाही.

तव्याच्या बाहेरच्या तळाला बारीक खड्ड्यांचे पुंजके असतील तर वेगळं कारण असू शकतं. दगडी कोळशात गंधक असतं आणि त्या आगीवर वर्षं काढलेल्या भांड्याचा तळ असा खाल्ला जातो. लाकडी कोळशात गंधक नगण्य, त्यामुळे इस्त्रीत हा प्रकार अपेक्षित नाही. तवा घेताना असे खड्डे बाहेरच्या बाजूला असतील तर स्वयंपाकाला त्रास नाही, आत असतील तर घावन तिथेच चिकटेल.

एवढं बघून झालं की नावाकडे या. आधी वायर ब्रश लावू नका, अक्षरांच्या कडा जातात. कोरड्या कुंचल्याने माती झटका, खडूची भुकटी चोळून वरून हलका हात फिरवा, म्हणजे खोल अक्षरात पांढरं राहतं. अक्षरं उठावाची असतील तर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासा. विजेरी आडवी धरली की जे समोरून दिसत नाही तेही दिसतं.

इंग्रजी इस्त्र्यांवर केनरिकचं नाव भेटतं. वेस्ट ब्रॉमविचचा हा कारखाना १७९१ सालचा, आणि विकणारा इस्त्रीलाही तेच साल लावतो. कारखान्याचं साल हे वस्तूचं साल नाही, पुढे शतकाहून जास्त काळ माल निघत होता. एकटा ५, ६, ८ असा आकडा असेल तर तो माप सांगतो. अमेरिकी तव्यावरचा ८ म्हणजे आठ इंचही नव्हे, तो त्या काळच्या चुलीच्या भोकाचा नंबर आहे. तवा वरून साधारण साडेदहा इंच भरतो.

खरं काम करतो तो ब्रिटिश डिझाइनचा नोंदणी क्रमांक. १८४२ ते १८८३ या काळात चौकटच्या आकाराची खूण असे, तिच्या माथ्यावर गोलात रोमन १ असेल तर वस्तू धातूची, आणि कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून नोंदणीचा दिवस आणि वर्ष काढता येतं. १८८४ पासून साधा चालू क्रमांक आला, 'आर डी नंबर' असा. १८९० ची सुरुवात १,४१,२७३ ने झाली, १८९१ ची १,६३,७६७ ने, आणि १९०० ची ३,५१,२०२ ने.

समजा, एका इस्त्रीवर दीड लाखाच्या घरातला क्रमांक आहे. म्हणजे डिझाइन १८९० मध्ये नोंदलं गेलं. इस्त्री १८९० ची आहे असं मात्र यातून ठरत नाही. ती त्याच्या आधीची नाही, एवढंच ठरतं, कारण एकच नमुना पुढे कित्येक वर्षं वापरात राहायचा. आता शेजारी दुसरी, त्याच नावाची आणि त्याच क्रमांकाची इस्त्री आहे. दोन्हींवरच्या नावाची पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंतची लांबी कॅलिपरने मोजा. पहिली १०० मिलिमीटर भरली आणि दुसरी ९९, तर दुसरी पहिलीवरून उठवलेली असण्याची शक्यता फार मोठी. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. फाउंड्रीत नमुना करणारा कारागीर हे धरून नमुना तेवढा मोठा करतो. पण तयार वस्तूच नमुना म्हणून वाळूत दाबली तर नक्कल त्या एक टक्क्याने लहान निघते, आणि नकलेची नक्कल आणखी लहान. पूर्ण इस्त्रीची लांबी मोजू नका, टोक आणि कडा घासलेल्या असतात. अक्षरांमधलं अंतर कुणी घासत नाही. सोबत अक्षरांच्या कडा बघा. नकलेत त्या गोलसर, साबणाच्या वडीवर झिजलेल्या नावासारख्या दिसतात आणि अक्षरांच्या मधल्या जागेत वाळूचा खरखरीतपणा राहतो.

अमेरिकी ग्रिसवोल्ड तव्यांच्या नकला याच मोजमापाने पकडल्या जातात. तिथे गावाचं नावही उपयोगी पडतं. ईरी, पेनसिल्व्हेनिया इथला कारखाना १९५७ साली बंद झाला आणि नाव दुसऱ्या मालकाकडे गेलं. म्हणून ग्रिसवोल्ड हे नाव असून ईरीचा उल्लेख नसेल, तर तवा बहुतेक १९५७ नंतरचा.

मूठ, स्क्रू, नट यांच्यावरून इस्त्रीचं वय काढू नये. लाकडी मूठ जळते, बदलली जाते. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला शोध आहे, पण तो दिसला म्हणून पेटी नवीन ठरत नाही, दुरुस्ती नवीन ठरते.

साफसफाईची घाई सगळ्यात वाईट. व्हिनेगरमध्ये गंज सुटतो म्हणून लोक इस्त्री रात्रभर बुडवून ठेवतात, आणि सकाळी गंज गेलेला असतो तसं बीडही खाल्लेलं असतं. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, एका वेळी फार तर अर्धा तास, मग घासून, धुऊन, लगेच मंद आचेवर कोरडं करून तेलाचा पातळ हात. मूठ आधी काढून ठेवायची. तवा साफ करायला पेटत्या आगीत टाकू नये. तो वाकतो, आणि त्याच्यावर लालसर खवल्यांचा थर बसतो, ज्यावर पुढे तेल नीट धरत नाही. आणि हे सगळं करायच्या आधी शिवण, खड्डे आणि अक्षरं यांचे आडव्या उजेडात फोटो काढून ठेवा, कारण घासल्यावर यातलं बरंचसं पुन्हा दिसणार नाही.