रेझ्युमे जसाच्या तसा सांगू नका

“मुलाखतीत ‘तुमचा रेझ्युमे सांगा’ म्हटले की कागदावर आहे ते वरून खाली, एकही ओळ न गाळता सांगा. सगळ्यावर सारखा भर द्या, महत्त्वाचे काय ते त्यांना ठरवू द्या. शब्दन् शब्द पाठ ठेवा. मध्ये गॅप असेल तर लक्षात येणार नाही इतक्या वेगाने पुढे जा.”

मुलाखतीला जाणाऱ्यांना मिळणारा हा सल्ला पाळू नका. त्यातली पहिली अडचण क्रमाचीच आहे. बहुतेक रेझ्युमे उलट्या कालक्रमाने लिहिलेले असतात. सध्याची नोकरी वर आणि शिक्षण तळाशी. कागद चाळणाऱ्याला ते सोयीचे असते, पण बोलताना तोच क्रम धरला तर माणूस एका कामावरून दुसऱ्या कामाकडे का वळला हे ऐकणाऱ्याला उलटीकडून जुळवत बसावे लागते. म्हणून तोंडी क्रम शिक्षणापासून आजपर्यंत असा सरळ ठेवावा. पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असलेल्याने मात्र सध्याच्या कामाचे एक वाक्य आधी सांगून मग मागे जावे, नाहीतर समोरच्याला महाविद्यालयाच्या दिवसांत फार वेळ थांबावे लागते.

एकही ओळ न गाळण्याचा आणि सारख्या भराचा सल्ला सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण कागद मुलाखतकाराच्या हातात असतोच. त्याला हवी असते ती दोन ओळींमधली माहिती, म्हणजे बदलांची कारणे. एक कल्पित उमेदवार घेऊ. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन त्याने २०१७ मध्ये मेकॅनिकलची पदवी मिळवली, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये तीन वर्षे उत्पादन सांभाळले, नंतर आठ महिने तो घरी होता आणि २०२१ पासून भोसरीत क्वालिटी इंजिनिअर आहे. आता त्याला एका वाहन कंपनीत पुरवठादारांची गुणवत्ता पाहण्याची जागा हवी आहे. या जागेसाठी त्याचे टक्के, महाविद्यालयातला प्रकल्प आणि संगणक प्रणालींची यादी कागदावरच राहू द्यावी. सगळे उत्तर दोन-अडीच मिनिटांचे असावे आणि त्यात शिक्षणाला एक वाक्य पुरे. चाकणबद्दल त्याने एवढेच सांगावे: “लाइन थांबायची ती बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या सदोष मालामुळे, म्हणून मी क्वालिटीकडे वळलो.” हे वाक्य रेझ्युमेत कुठेच नाही, आणि नेमके तेच पुढच्या सगळ्याला अर्थ देते.

उरलेला बराचसा वेळ भोसरीला द्यावा, तोही एकाच प्रसंगाला. ॲल्युमिनियमचे कास्टिंग लीक टेस्टमध्ये नापास होऊ लागले. तो पुरवठादाराच्या फाउंड्रीत जाऊन उभा राहिला. पाळी बदलताना वितळलेल्या धातूतला वायू काढण्याची पायरी घाईत उरकली जाते आणि म्हणून कास्टिंगमध्ये सूक्ष्म छिद्रे राहतात, हे त्याच्या लक्षात आले. त्या पायरीचा किमान वेळ त्याने कंट्रोल प्लॅनमध्ये लिहून घेतला आणि पुढच्या लॉटवर तपासणी ठेवली. आधीचे आणि नंतरचे रिजेक्शनचे आकडे त्याच्याजवळ असतील तर इथेच सांगावेत. ज्यावर भर दिला त्यावरच पुढचा प्रश्न येण्याचा संभव अधिक, म्हणून ज्या कामातले बारकावे तीन-चार उपप्रश्नांपर्यंत सांगता येत नाहीत, ते कितीही भारदस्त दिसले तरी त्यावर भर देऊ नये.

पाठांतराचा दोष पहिल्या अडथळ्याला उघडा पडतो. “किती पुरवठादार पाहता?” असे मध्येच विचारले की पाठ केलेल्याला धागा सापडत नाही आणि तो वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घेतो. आपण वाचून दाखवतो आहोत का, हे मोबाइलवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ओळखता येते: “प्रोसेस मॉनिटरिंग, रिपोर्टिंग, टीम को-ऑर्डिनेशन” अशी क्रियापद नसलेली वाक्ये आली तर ती कागदावरून आलेली आहेत. लिहून ठेवायचेच असेल तर वाक्ये न लिहिता टप्पे लिहावेत: पदवी, चाकण, सदोष माल, गॅप, फाउंड्री. त्यांच्या आधाराने दर वेळी वेगळ्या शब्दांत बोलून पाहावे.

गॅप लपत नाही, कारण तारखा छापलेल्या असतात. घाई केली की मुलाखतकाराची नजर तिथेच थांबते. “२०२० मध्ये कंपनीत कपात झाली, त्या काळात मी आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकासाठी अंतर्गत ऑडिटरचे प्रशिक्षण घेतले आणि त्यानंतर भोसरीत लागलो,” एवढे नेहमीच्या गतीत सांगून पुढे जावे. प्रशिक्षण घेतले नसेल तर ते जोडू नये. कपात आणि पुढची नोकरी एवढे पुरते. त्यापुढची सारवासारव मात्र संशय वाढवते.

याच उमेदवाराने उद्या उत्पादन विभागातल्या जागेसाठी अर्ज केला तर क्रम हाच राहील, पण फाउंड्रीचा प्रसंग एका वाक्यावर येईल आणि चाकणची तीन वर्षे, तिथला डाय बदलण्याचा वेळ आणि पाळीतली माणसे, यांना मिनिटभर मिळेल.