मोरपंखी इरकल, काळे टी-शर्ट आणि ॲपचा कोड

"कापडाचा मोबाइलवर फोटो काढा, कलर पिकर ॲपमधून कोड घ्या, त्यावरून जवळचा पॅन्टोन नंबर शोधा आणि त्याचा फॉर्म्युला काट्यावर तोलून मिसळा. शाई कापडाच्या रंगाशी सेम टू सेम येते, वीस-पन्नास शर्टांच्या ऑर्डरला सॅम्पल काढत बसायची गरजच नाही."

टी-शर्टावर स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या आमच्यासारख्यांत हा मेसेज फिरतोय. मी हे करून बघितलंय ओ, म्हणून बोलतोय. दोन वर्षांमागं निपाणीकडच्या एका ढोल पथकाचे तीस शर्ट असेच फोटोवरून छापले आणि हिरवट निळा हवा होता तिथं शाळेच्या पेनातल्या शाईसारखा निळा आला, तीसच्या तीस परत केले त्यांनी. शर्टाचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून मी कापडाचा तुकडा हातात आल्याशिवाय रंग कालवत नाही.

आता यंदाचंच काम सांगतो. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी खानापूरकडच्या बायकांचं एक लेझीम पथक, सगळ्यांची मोरपंखी इरकल, आणि सोबतच्या पोरांना काळे टी-शर्ट, छातीवर पथकाचं नाव त्याच मोरपंखीत. एकूण 36 शर्ट. मावशींनी साडीच्या पदराजवळचा हातभर तुकडा आणून दिला आणि म्हणाल्या, "हाच रंग पाहिजे बघा, थोडा बी इकडं तिकडं नको." गंमत म्हणून मी आधी त्या मेसेजात सांगितलंय तसंच केलं.

दुकानात ट्यूबलाइटखाली फोटो काढला, ॲपनं कोड दिला `#006A94`. तोच तुकडा दाराशी उजेडात नेला, कोड आला `#00757F`. मग तुकडा जरा तिरका धरला तर `#1F7A5C`, म्हणजे निळ्यावरून सरळ हिरव्यावर. कापड तेच, मोबाइल तोच, पाच मिनिटांचं अंतर. यात मोबाइल बिघडलेला नाही, तो त्याचं कामच करतोय. समोर कुठला उजेड आहे याचा अंदाज बांधून तो फोटोतले रंग आपोआप सावरतो, आणि फ्रेममध्ये सगळं मोरपंखीच भरलं असेल तर त्याचा अंदाज हमखास चुकतो. बाजूला कोरा पांढरा कागद ठेवला तर थोडं कळतं, फोटोत कागदच निळसर दिसत असेल तर तो कोड सोडून द्यायचा. आणि पहिल्या दोन कोडांत सुरुवातीला `00` आहे बघा, तो लाल रंगाचा आकडा. तो शून्याला टेकला म्हणजे बहुतेक रंग त्या कोडाच्या मापात मावलाच नाही, काठावर आपटून थांबला. मोरपंखी, फिरोजी अशा भडक रंगांना हे नेहमी होतं. शून्याच्या पलीकडं किती होतं ते त्या कोडात कुठंच लिहिलेलं नसतं, मग त्यावरून पुढं काय शोधणार?

तिरकं धरल्यावर हिरवं का झालं हे आपल्याकडं वडगाव-खासबागच्या मागावर बसलेल्या कुणालाही विचारा. उभा धागा निळा, आडवा हिरवा, त्याला धूपछाव म्हणतात. या कापडाला एकच रंग नसतोच, आणि शाईला एकच असतो, ती काही कोनाप्रमाणं बदलत नाही. म्हणून इथं पहिला निर्णय काट्यावर होत नाही, तो गिऱ्हाइकाबरोबर होतो. मावशींना तुकडा हातभर लांबून, उभा, अंगावर नेसल्यासारखा धरून दाखवला आणि विचारलं, यातला निळा धरू की हिरवा? त्या म्हणाल्या, "मधला की, पण हिरव्याकडं झुकता." झालं. हे एक वाक्य त्या तिन्ही कोडांपेक्षा कामाचं होतं.

पॅन्टोन नंबरचं, म्हणजे कंपनीच्या छापील शेड बुकातल्या रंगाच्या नंबराचं बोलायचं तर नंबर वाईट नाही, तो कुठून काढला ते महत्त्वाचं. नंबराच्या शेवटी C असेल तर तो रंग चकचकीत कागदावर छापलेला, U असेल तर साध्या कागदावर, आणि TCX असेल तर रंगवलेल्या सुती कापडाचा. ॲप बहुतेक वेळा C चाच नंबर पुढं करतं आणि कितीही लांबचा असला तरी 'जवळचा' म्हणून काहीतरी देतंच, जवळ काही नाही असं ते म्हणत नाही. नंबरच हवा असेल तर खरी शेड बुक कापडाला चिकटवून डोळ्यानं बघायची. ती महाग असते, एका 36 शर्टांच्या कामासाठी कुणी घेणार नाही, आणि कापड हातात असताना तिची गरजही नाही. कापड हीच आपली शेड.

फॉर्म्युल्यात तर खरी गोची आहे. पुस्तकातला फॉर्म्युला पांढऱ्या कागदावर छापायच्या शाईचा. स्क्रीनच्या शाईवाल्या कंपन्या त्याच नंबराला आपापली वेगळी कृती देतात, कारण प्रत्येकाच्या निळ्याचा जोर वेगळा. एकाची कृती दुसऱ्याच्या डब्यातून तोलली तर ग्रॅम बरोबर आणि रंग चूक. त्यात आपला शर्ट काळा. क्लिअर पेस्टमध्ये कालवलेला रंग काळ्यावर ओढला की दिसतच नाही, खालचं काळं त्याला गिळतं. मग काहीजण काय करतात, पांढरी पेस्ट घेऊन त्यातच रंग टाकतात. रंग दिसतो खरा पण मोरपंखीचा होतो दुधाळ आकाशी, आणि तो गडद करायला कितीही निळा ओता, तो खडूसारखाच राहतो. गडद आणि ताजा रंग काळ्यावर हवा असेल तर आधी पांढऱ्याचा थर, तो हीट गननं नाहीतर फ्लॅश ड्रायरनं बोटाला लागणार नाही इतपत वाळवायचा, आणि त्याच्यावर क्लिअर पेस्टमधला रंग. दोन स्क्रीन लागतात, वेळ दुप्पट जातो, पण दुसरा रस्ता मला तरी सापडला नाही.

मी कालवलं ते असं. दागिने तोलायचा छोटा काटा, 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. 50 ग्रॅम क्लिअर पेस्ट, त्यात निळा 1.2 ग्रॅम आणि हिरवा 0.8. याचा एक ठसा रद्दी काळ्या शर्टावर पांढऱ्या थरावर मारला, वाळवला, निळाच जास्त वाटला. मग हिरवा 0.3 वाढवला. आता कडेला कडा लावून धरलं तर झुकाव बरोबर, पण ठसा साडीपेक्षा प्लास्टिकसारखा चमचमता, जास्तच ताजा. अशा वेळी हात काळ्याकडं जातो आणि तिथंच रंग मळतो. काळ्याऐवजी रंगचक्रातला समोरचा रंग घालायचा, निळ्या-हिरव्याला केशरी, तोही कणभर. पण 0.1 ग्रॅम केशरी या काट्यावर तोलणं म्हणजे नशिबाचा खेळ, म्हणून 9 ग्रॅम क्लिअर पेस्टमध्ये 1 ग्रॅम केशरी वेगळा कालवून ठेवला आणि त्यातला 1 ग्रॅम घातला. तिसऱ्या ठशाला बसला. प्रत्येक वेळी घातलेलं वहीत लिहायचं, डोक्यात ठेवायचं नाही.

आणि आता ते 'सॅम्पल नको' वालं. वाटीतली ओली पेस्ट बघून रंग ठरवणारा माणूस फसतोच. या पेस्टमधलं बाइंडर ओलं असताना दुधासारखं पांढरट असतं, वाळलं की पारदर्शक होतं, म्हणजे वाटीत फिक्का दिसणारा रंग शर्टावर गडद निघतो. वाटीत जुळवला तर छापल्यावर जास्तच गडद झालाच म्हणून समजा. त्यामुळं ठसा पूर्ण भाजायचा, माझ्या पेस्टला 150 अंशाला तीन-चार मिनिटं लागतात, गार होऊ द्यायचा आणि मगच कापडाशेजारी ठेवायचा. मी जुन्या करड्या पुठ्ठ्याला दोन बोटं रुंद भोक पाडून ठेवलंय, ते वर ठेवलं की निम्मं कापड आणि निम्मा ठसा एवढंच दिसतं, शर्टाचा काळा मधी येऊन डोळ्याला फसवत नाही.

दिवसा दाराशी जुळला म्हणून मी थांबलो असतो, पण मिरवणूक रात्रभर चालते. संध्याकाळी दुकानातल्या एलईडीखाली तोच ठसा बघितला तर साडी हिरवी झाली होती आणि ठसा निळाच राहिला होता. साडीचा रंग डायचा, शाईतला पिगमेंटचा, दोघं एका उजेडात सारखे दिसले तरी दुसऱ्या उजेडात फुटू शकतात. हे फोटोत किंवा नंबरात कळणारच नाही. मावशींना दोन्ही दाखवलं, रात्रीचंच धरा म्हणाल्या, मग हिरवा आणखी 0.2 चढवला, एकूण 1.3. दिवसा बघितलं तर आता जरा जास्त हिरवं दिसतं, ते त्यांना आधीच सांगून टाकलं. दोन्ही उजेडांत तंतोतंत बसवणं या डब्यांतून मला जमलेलं नाही.

सॅम्पलचा दुसरा फायदा हिशेबाचा. शेवटच्या मिश्रणाची वाटी चार ठशांआधी आणि नंतर तोलली, 30 ग्रॅम गेलं, म्हणजे शर्टाला साडेसात. 36 शर्टांना 270, स्क्रीनला आणि स्क्वीजीला चिकटून राहणारं धरून 350 च्या वर, तर मी सगळं आठपट करून 425-430 ग्रॅम एकदमच कालवलं. निम्मं आज निम्मं उद्या असं कालवलं की विसाव्या शर्टापासून रंग बदलतो आणि दोघं शेजारी उभे राहिले की दिसतो. रंग कापडावर पक्का करणारं फिक्सर मात्र लागेल तेवढ्याच पेस्टमध्ये छापायच्या आधी, नाहीतर डब्यात उरलेलं घट्ट होतं.

शर्ट सुती होते म्हणून एवढ्यात भागलं. पॉलिस्टरची जर्सी असती, त्यातही लाल किंवा मरून, तर भाजताना कापडाचाच रंग वर चढून पांढरा थर गुलाबी होतो, कधी कधी दुसऱ्या दिवशी, आणि मग वरचा रंग जुळवलेला राहत नाही. तिथं वेगळा अडवणारा थर लागतो. असं काम आलं तर त्याच जर्सीवर ठसा मारून रात्रभर ठेवतो आणि सकाळी बघतो.

फोटो मी पण मागवतो हां, गिऱ्हाइक लांबचं असलं की. त्यावरून कुठले डबे उघडायचे तेवढं कळतं. पुढचं काम कापडाचा तुकडा एसटीनं आल्यावर. या ऑर्डरची 70 ग्रॅमभर पेस्ट उरली, फिक्सर न घातलेली, डब्याला त्या भाजलेल्या ठशाचा तुकडा चिकटवलाय आणि खाली लिहिलंय: रात्रीचा मोरपंखी.