काकांचा निळा

चित्राचा फोटो काढणं सोपं आहे असं मानणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांनी ते काम कधी केलेलं नाही. दुसरे, ज्यांनी ते चित्र काढलेलं आहे.

"अरे, चित्र हलत नाही, डोळे मिचकावत नाही, पोट आत घ्यायला सांगावं लागत नाही. मग तुला इतका वेळ कशाला लागतो?" हा काकांचा प्रश्न. काका म्हणजे माझ्या मित्राचे वडील. निवृत्त झाल्यावर त्यांनी तैलरंग हातात घेतले आणि सगळ्या घराने हात टेकले. आता त्यांना चित्रांची छापील पुस्तिका काढायची आहे, आणि कॉपी स्टँड असलेला माणूस त्यांच्या ओळखीत मी एकटाच.

पहिलंच चित्र होतं 'रात्रीचं तळं'. रुंदी ६० सेंटीमीटर, उंची ४५. वरचा अर्धा भाग जवळजवळ काळा, खालचा अर्धा गडद निळा, आणि पाण्यावरच्या लाटा सुरीने अशा थापलेल्या की बोट फिरवलं तर खरचटावं. वार्निश अजून चढायचं होतं, पण जवसाच्या तेलावर काकांनी हात इतका सैल सोडला होता की चित्रात मला माझा चेहरा दिसत होता. काळं, चकचकीत, उंचसखल आणि निळं. फोटो काढणाऱ्याला छळायची एवढी साधनं एका कॅनव्हासवर क्वचितच जमतात.

कॉपी स्टँड म्हणजे खाली एक सपाट पाट, त्यावर उभा खांब, आणि खांबावर वरखाली सरकणारा, तोंड खाली करून बसवलेला कॅमेरा. चित्र पाटावर उताणं झोपवायचं. कॅमेरा त्याला अगदी समांतर हवा, नाहीतर आयताचा पतंग होतो. त्यासाठी पाटावर मधोमध एक छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. भिंगाचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर केंद्रात आलं की कॅमेरा समांतर आहे. मी हे करत असताना काकांनी आरसा उचलला, भांग नीट केला आणि परत ठेवला. तिरका.

मग दिवे. दोन एकसारखे दिवे, चित्राच्या डावी-उजवीकडे, पाटाशी ४५ अंशांत. बाकी खोलीत पूर्ण अंधार, कारण खिडकीचा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या रंगाचा आणि माझ्या दिव्यांचा तिसऱ्या. तिन्ही एकाच चित्रावर पडले तर कोणता रंग कोणाचा हे नंतर कुणालाच सोडवता येत नाही.

"दिवे जवळ घे की, भरपूर उजेड पडेल," काका म्हणाले.

इथे मी कागद-पेन्सिल काढली. दिवे चित्राच्या मध्यापासून १ मीटरवर ठेवले, तर एकट्या डाव्या दिव्याचा उजेड चित्राच्या डाव्या कडेवर उजव्या कडेच्या जवळजवळ साडेतीन पट पडतो. अंतर वाढलं की उजेड वर्गाच्या हिशेबाने घटतो, आणि लांबच्या कडेवर तो अधिक तिरपा पडतो म्हणून आणखी पातळ होतो. समोरचा दिवा ही तूट भरून काढतो, पण पूर्ण नाही. दोन्हींची बेरीज केली तरी डाव्या-उजव्या कडा मध्यापेक्षा सुमारे १९ टक्के उजळ राहतात. तेच दिवे २ मीटरवर नेले की हा फरक ५ टक्क्यांवर येतो. किंमत एवढीच की उजेड चौथाई होतो आणि शटर चौपट वेळ उघडं ठेवावं लागतं. चित्र हलत नाही, हा काकांचा मुद्दा इथे प्रथमच माझ्या कामी आला.

डोळ्याला हा १९ टक्क्यांचा फरक दिसत नाही, हीच खरी गोम. आपला मेंदू फार समजूतदार आहे. कडेचा जादा उजेड तो मनातल्या मनात वजा करतो. कॅमेऱ्याला ही समजूत नाही. म्हणून चित्राच्या जागी एक कोरा, बिनचमकीचा पांढरा कागद ठेवायचा, त्याचा थोडा कमी उजेडाचा फोटो काढायचा आणि चार कोपरे व मध्य यांचे आकडे संगणकावर वाचायचे. आकडे दोन-तीन अंकांच्या फरकात आले की प्रकाश सारखा. त्याआधीची ढोबळ तपासणी म्हणजे कागदाच्या मध्यावर एक पेन्सिल उभी धरायची: दोन्हीकडच्या सावल्या सारख्याच लांब आणि सारख्याच गडद हव्यात.

कोऱ्या कागदाचे फोटो काढणारा मी बघून काका आत गेले आणि काकूंशी हळू आवाजात काहीतरी बोलले. काकूंनी बाहेर येऊन विचारलं, "बरं वाटतंय ना तुला?"

कागद झाला, चित्र ठेवलं. पडद्यावर बघतो तो रात्रीच्या तळ्यावर चांदण्या. शेकडो. काका खूष झाले. "बघ, मी काढल्या नव्हत्या तरी आल्या!"

त्या लाटांच्या चमका होत्या. ४५ अंशांचा नियम सपाट पृष्ठभागापुरता खरा आहे. डावीकडून आलेला उजेड सपाट रंगावर आपटून उजवीकडे निघून जातो, वरच्या कॅमेऱ्यात येत नाही. पण काकांच्या सुरीने उभारलेला प्रत्येक कंगोरा हा स्वतःचा एक छोटा आरसा असतो. चित्राच्या मध्यावर जो कंगोरा दिव्याकडे साडेबावीस अंशांनी कललेला आहे, तो दिवा थेट भिंगात फेकतो. दिवा सरकवला की त्या कोनाचा कंगोरा विझतो आणि शेजारचा पेटतो. काकांच्या तळ्यात सगळ्या कोनांचे कंगोरे होते. काळ्या भागाचं दुखणं निराळं: तो सपाट होता, म्हणून त्यात वरचं छत, कॅमेऱ्याची चंदेरी कड आणि माझा पांढरा शर्ट असं संमेलन भरलं होतं. भिंगाएवढं भोक पाडलेला काळा पुठ्ठा कॅमेऱ्याखाली लावला, काळा सदरा घातला, आणि संमेलन उठलं. चांदण्या मात्र तशाच.

त्यावर उपाय एकच, तो म्हणजे पोलरायझर, एकाच दिशेत कंपणारा उजेड पुढे सोडणारी गाळणी. दोन्ही दिव्यांपुढे पोलरायझिंग फिल्म लावायची, दोन्हींची दिशा एकच ठेवून. म्हणजे चित्रावर पडणाऱ्या उजेडाची कंपनं एकाच दिशेत होतात. भिंगावर दुसरा पोलरायझर, त्याला आडवा, ९० अंशांत. आता जो उजेड रंगाच्या चकचकीत पृष्ठभागावरूनच परततो, त्याची दिशा तशीच राहते आणि भिंगावरचा पोलरायझर त्याला दारातच अडवतो. जो उजेड रंगाच्या थरात शिरून, कणाकणांवर आपटून बाहेर येतो, त्याची दिशा विस्कटलेली असते. त्यातला काही भाग आत येतो, आणि खरा रंग तोच घेऊन येतो. ९० अंश जमले की नाही हे कळायला मी चित्राच्या कडेला एक चकचकीत स्टीलची गोळी ठेवतो आणि भिंगावरचा पोलरायझर फिरवत राहतो. गोळीवरचे दिव्यांचे ठिपके विझून ती काळी पडली की थांबायचं. एकच ठिपका विझला आणि दुसरा राहिला, तर एका दिव्याची फिल्म फिरलेली आहे. या सगळ्यात उजेड पुन्हा आठव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहून खाली उतरतो, शटर काही सेकंद उघडं राहतं, आणि तेवढ्यात खोलीत कुणीही चालायचं नाही. नेमकं तेव्हाच काकांना चष्मा आतल्या खोलीत आठवतो.

तरी फोटो आला. चांदण्या गेल्या. काळ्याच्या खाली गडद हिरवी झाडी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"माझी सुरी कुठे गेली?" काका ओरडले.

त्यांचं म्हणणं रास्त होतं. थापलेला रंग आपल्याला उंचसखल दिसतो तो बऱ्याच अंशी चमकांमुळेच. चमक पूर्ण मारली की लाटा इस्त्री केल्यासारख्या पडतात, आणि काळा मूळ चित्रापेक्षाही काळा होतो. सोनेरी वर्ख असलेल्या चित्राला तर हा उपाय करूच नये. वर्खाचा सगळा उजेड पृष्ठभागावरूनच परततो, त्यामुळे सोनं मातकट काळं दिसतं. माझा तोडगा असा: कॅमेरा आणि चित्र तसूभरही न हलवता दोन फोटो. एक पूर्ण आडव्या पोलरायझरचा, दुसरा पोलरायझर थोडा फिरवून, जरा चमक आत घेतलेला. संगणकावर दुसऱ्याचा थोडासा अंश पहिल्यावर चढवायचा. किती थोडासा, हे मूळ चित्र शेजारी ठेवून ठरवायचं. काका तो अंश वाढव म्हणाले, मी कमी म्हणालो, काकूंनी मध्यावर निकाल दिला.

राहिला निळा. चित्राआधी मी त्याच जागी, त्याच उजेडात, पोलरायझर लावूनच, २४ चौकटींच्या रंगतक्त्याचा फोटो काढलेला होता. पोलरायझरला स्वतःची किंचित रंगछटा असते, म्हणून तक्ताही त्याच्यातूनच टिपलेला हवा. तक्त्यावरून कॅमेऱ्याची रंगनोंद बनवली, म्हणजे कॅमेरा कोणता रंग किती चुकवतो आणि तो कसा सुधारायचा याचा हिशेब. राखाडी चौकटी राखाडी, लाल लाल. आणि काकांचं तळं जांभळट.

"हा माझा निळा नव्हे."

नव्हताच. काकांनी कोबाल्ट ब्लू वापरला होता. हा रंग निळा उजेड परतवतो, आणि शिवाय दृश्य पट्ट्याच्या पार टोकाचा गडद लालही भरपूर परतवतो. त्या टोकाला आपला डोळा जवळजवळ आंधळा असतो, म्हणून आपल्याला शुद्ध निळा दिसतो. कॅमेऱ्याला तो लाल आपल्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि निळ्यात लाल पडला की जांभळा. फिल्मच्या काळातही हीच तक्रार होती. तक्त्यातले निळे वेगळ्या रंगद्रव्यांचे, त्यामुळे तक्ता इथे साक्ष देत नाही. उपाय हाताचाच: फक्त त्या निळ्याची छटा निवडून, चित्र प्रमाणित उजेडात पडद्याशेजारी उभं करून, जांभळेपणा थोडा थोडा काढायचा. याला अचूक म्हणता येणार नाही. जुळवलेलं म्हणता येईल.

जुळवलं. काका पडद्याकडे, मग चित्राकडे, परत पडद्याकडे बघत राहिले. मी दिव्यांच्या वायरी गुंडाळायला घेतल्या.

"फोटोत बरोबर आलाय रे," ते म्हणाले. "पण आता एवढं स्वच्छ दिसल्यावर कळतंय, उजवीकडची झाडी फारच खाली उतरलीये. आणि तो निळाही जरा भडकच आहे."

"काका, फोटोत ठीक करू का?"

"फोटोत कशाला? चित्रातच करतो. जाड थर द्यावा लागेल, वाळायला वेळ घेईल. तू स्टँड इथेच राहू दे."