दिवसाला दहा घरं

मुख्य कार्यालयातून आलेल्या सर्व्हेच्या नियोजनात गणिताची एकही चूक नव्हती. एका मुलाखतीला ४५ मिनिटं, कामाचे आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, म्हणून एका प्रगणकाने दिवसाला दहा घरं करायची. दहा घरांची ४५० मिनिटं झाल्यावर उरतात ३०. साहेब उदार मनाचे. ती ३० मिनिटं त्यांनी प्रवास, जेवण, हजेरी आणि अहवालासाठी सोडली होती.

मी पर्यवेक्षक. म्हणजे वरून बोलणी खायची आणि खाली बिस्किटांचे पुडे वाटायचे. माझ्या वाट्याला पाटण तालुक्यातली एक वाडी आली होती. आजारपण आणि त्यावरचा खर्च असा सर्व्हेचा विषय, यादीतली २२ घरं, आणि सोबत दोन प्रगणक: सुवर्णाताई आणि अक्षय. दोघं मिळून दिवसाला २० घरं करणार, दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाआधी उरलेली दोन उरकणार आणि पुढच्या गावाला जाणार, असं कागद म्हणत होता.

पाटणच्या स्टँडबाहेर सकाळी आठला आम्ही वडापमध्ये बसलो. वडाप वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटतं. ड्रायव्हरला मी म्हटलं, "दादा, आम्हाला नऊला पहिली मुलाखत सुरू करायची आहे." तो म्हणाला, "मग अजून पाच माणसं आणा की सायेब." वाडीत पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. सरपंचांना भेटल्याशिवाय दारात जायचं नसतं, आणि सरपंच रानात होते.

महिना आषाढाचा. भात लावणी ऐन रंगात. ज्यांना प्रश्न विचारायचे ती सगळी माणसं गुडघाभर चिखलात वाकलेली, आणि घरी होत्या फक्त म्हाताऱ्या, कोंबड्या आणि तिसरीतली पोरं. आमच्या नियमाप्रमाणे घराचा खर्च ठाऊक असलेली प्रौढ व्यक्तीच उत्तरं देऊ शकते. कोंबड्या बाद. पोरं बाद. एका म्हातारीने मात्र हक्काने अक्षयला ओट्यावर बसवून घेतलं.

"सर्वे का? मागं बी आल्याली पोरं. काय मिळालं न्हाय."

"आजी, घरात खर्च कोण बघतं?"

"सून. ती लावणीला गेलीया. तू बस, च्या घे."

आता हा चहा नियोजनात कुठे बसतो? नाही म्हटलं तर आजी दुखावते आणि संध्याकाळी सून दार उघडत नाही. हो म्हटलं तर दूध आणायला शेजारी जावं लागतं. चहा प्यायला, मुलाखत शून्य, २५ मिनिटं गेली. पण संध्याकाळी सहानंतर सून भेटेल ही खबर मिळाली, आणि सर्व्हेत ती खबर म्हणजे अर्धं घर झाल्यासारखंच.

पुढच्या दाराला कुलूप होतं. त्याच्या पुढच्याही. शेजारच्या काकींना विचारलं तर म्हणाल्या, "मुंबैला असत्यात. यात्रेला येत्यात." या भागातली कितीतरी माणसं मुंबईत माथाडी कामाला आहेत, हे मला ठाऊक होतं. मग ही घरं यादीत आली कशी? घरयादी झाली होती मे महिन्यात. तेव्हा सुट्टीला आलेली अख्खी मुंबई अंगणात खाटा टाकून बसलेली, आणि यादी करणाऱ्याने प्रत्येक खाटेला नंबर देऊन टाकला होता.

कुलूप दिसलं की अक्षयचं डोकं चालायचं. "सर, शेजारचं घर उघडं आहे. ते घेऊ का?" नाही घ्यायचं. हा मोह सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत महाग. दुपारी बाराला उघडं असतं ते घर म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं किंवा ज्यांना शेतच नाही त्यांचं. बंद दारांच्या जागी उघडी दारं भरत गेलो, तर वाडीत कमावतं माणूसच राहत नाही असा निष्कर्ष निघेल. म्हणून नियम असा, की घर बदलायचं नाही. तीनदा जायचं, आणि तिन्ही वेळा वेगळ्या वेळी. सकाळी अकराला जाऊन, बाराला जाऊन आणि पुन्हा एकला जाऊन तीन फेऱ्या मांडणारे महाभाग मी पाहिले आहेत. कागदावर तीन फेऱ्या होतात, पण माणूस तिन्ही वेळा त्याच शेतात असतो.

त्या रात्री लॉजवर मी पेन्सिल घेऊन बसलो. सकाळी आठला निघून संध्याकाळी पाचला परत, हे नऊ तास, म्हणजे ५४० मिनिटं. जाऊन-येऊन प्रवासाचे दोन तास वजा. जेवणाचा अर्धा तास वजा. रात्री फॉर्म तपासणं, चुका विचारणं, डायरी लिहिणं, टॅबमधले फॉर्म पाठवणं याचा एक तास वजा, कारण तोही कामातच येतो, जरी कार्यालयाला तो झोपेतला वाटत असला तरी. उरली ३३० मिनिटं. दिवस इथेच दोन तृतीयांशाहून खाली आला होता, आणि अजून एकही दार वाजलं नव्हतं.

दारांचा हिशोब वेगळा. मागच्या तीन वाड्यांची माझी वही सांगत होती, की पहिल्या फेरीत दहांतली सहा घरं पुरी होतात. म्हणजे २२पैकी साधारण १३. उरलेल्या नऊंकडे दुसऱ्यांदा गेलं की पाच मिळतात. चारांकडे तिसऱ्यांदा गेलं की दोन. दोन सुटतात, त्यांचं काही करता येत नाही. एकूण दारं वाजवायची ३५, पुऱ्या मुलाखती २०, फुकटच्या फेऱ्या १५. मुलाखतीला ४५ नाही, घड्याळ लावून पाहिली तर ५५ मिनिटं लागतात, आणि घर शोधत चढ चढायला १२. फुकटची फेरीसुद्धा फुकट नसते. चढ तोच, शिवाय शेजाऱ्याला "कधी भेटतील?" विचारायला पाच मिनिटं, म्हणून तिची १७ धरली. सगळं मिळून १५९५ मिनिटं झाली. त्याला ३३०ने भागलं तर जवळपास पाच माणूस-दिवस. दोघांत वाटले तर अडीच, म्हणजे तीन दिवस. माणसामागे रोजची साधारण सव्वातीन घरं.

हे मी फोनवर सांगितलं. साहेब म्हणाले, "मग चार प्रगणक देतो, दीड दिवसात होईल." त्यांना कसं समजावणार, की माणसं वाढवून मिनिटं मिळतात, संध्याकाळ वाढत नाही? आजीची सून सहानंतरच येणार. तिच्या दारात चार जण उभे केले तरी ती चार वाजता येत नाही. उलट चौघांना चहा करावा लागतो.

इथे अक्षयची एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर दहाचा आकडा नुसता विनोद वाटेल. आधीच्या वाडीत तो अचानक वेगवान झाला होता. पहिल्या आठवड्यात ५० मिनिटांच्या वर जाणारी त्याची मुलाखत दुसऱ्या आठवड्यात ३१ मिनिटांवर आली. टॅबमध्ये सुरुवात आणि शेवटची वेळ आपोआप नोंदते, त्यामुळे ते लपत नाही. मी खुशीत होतो. मग आजारपणाचा रकाना पाहिला. पहिल्या आठवड्यात घरटी एक तरी आजारी, दुसऱ्या आठवड्यात सगळं गाव ठणठणीत. ताप नाही, खोकला नाही, गुडघा नाही. आमच्या फॉर्ममध्ये 'गेल्या पंधरा दिवसांत कुणी आजारी होतं का?' याला 'हो' म्हटलं, की माणसामागे अकरा प्रश्न उघडतात. 'नाही' म्हटलं, की सरळ पुढच्या पानावर.

मी तपासणीला त्याच्या एका घरी गेलो. फॉर्मप्रमाणे निरोगी असलेल्या आजोबांनी दार उघडलं आणि पूर्ण दोन मिनिटं खोकून घेतलं. आत गोळ्यांच्या पिशव्या खिळ्याला टांगलेल्या. अक्षयला विचारलं, "तू यांना काय विचारलंस?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "विचारलं ना सर. काही आजारबिजार नाही ना?"

खोटं त्याने काहीच लिहिलं नव्हतं. घरी बसून फॉर्म भरले नव्हते. फक्त वाक्याच्या शेवटी एक 'नाही ना' लावला होता, आणि तो त्याने स्वतः लावला नव्हता, दिवसाला दहाच्या आकड्याने लावला होता. ती सगळी घरं आम्ही पुन्हा केली. त्या आठवड्यात कार्यालयाच्या हिशोबाने आमची प्रगती उणे होती.

म्हणून या वाडीत मी एक शहाणपणा केला. पहिली रात्र लॉजवर काढल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही मुक्कामालाच गेलो. मी आणि अक्षय शाळेच्या वर्गात, सुवर्णाताई अंगणवाडीच्या मदतनीस ताईंकडे. वडापचे दोन तास वाचले, आणि सकाळी साडेसहा ते आठ व संध्याकाळी सहा ते साडेआठ हे दोन सोन्याचे तुकडे हाती आले. दुपारी लोक रानात, तेव्हा आम्ही फॉर्म तपासायचो आणि फळ्याखाली झोपायचो. आजीची सून पहिल्याच संध्याकाळी मिळाली. तिने सासूसमोर एकही खर्च सांगितला नाही, मग सासू पाणी आणायला उठल्यावर चार मिनिटांत सगळा सांगितला.

पहिल्या दिवशी सहा घरं झाली होती. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी सात. एकूण २०, सुटलेली दोन मुंबईची कुलपं. वहीतल्या हिशोबाशी इतकं जुळलं, की मला स्वतःविषयी थोडा आदर वाटू लागला.

एकच अडचण होती, रेंजची. लॉजवरच्या रात्री हिशोबाच्या नादात फॉर्म पाठवायचे राहून गेले, आणि वाडीत रेंज नाही. वरच्या पाण्याच्या टाकीजवळ मिळते असं पोरांनी सांगितलं, पण दोन दिवस पावसाने तिथली वाटच निसरडी केली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडीप मिळाली. आम्ही तिघं टाकीच्या कट्ट्यावर चढून दोन्ही टॅब डोक्यावर धरून उभे राहिलो. खालून एका बाईंनी लांबूनच नमस्कार केला. अर्ध्या तासाने सगळे २० फॉर्म गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला साहेबांचा फोन. आवाजात गेल्या महिनाभरात न ऐकलेला आनंद.

"बघा! मी म्हणत नव्हतो? स्क्रीनवर दिसतंय इथे. काल दोघांत वीस! म्हणजे दहा-दहा होतात की."

"साहेब, तो फॉर्म पोचल्याचा दिवस आहे. मुलाखतीचा नाही."

"ते असू द्या," साहेब म्हणाले. "मला एवढंच सांगा, त्याआधीचे दोन दिवस शून्य दिसतंय. तुम्ही तिथे करत काय होतात?"