नुसतं 'राहायला' लिहून भागत नाही

"मृत्युपत्रात 'घर बायकोला हयातभर राहायला, नंतर दोन्ही मुलांना' एवढं लिहिलं की पुरे ना?"

नाही पुरणार. नुसतं 'राहायला' लिहिलंत आणि उद्या जिना चढवेना म्हणून पत्नी मुलीकडे राहायला गेल्या, तर काय? घर भाड्याने दिलं तर भाडं त्यांचं की मुलांचं, यावरून भांडण ठरलेलं. 'आईने घर सोडलं, हक्क संपला' म्हणायलाही एखादा मोकळाच! म्हणून बाहेर राहिल्या तरी हक्क जाणार नाही आणि हयातीत भाडं त्यांनाच मिळेल, हे स्वच्छ लिहा. घरपट्टी, किरकोळ डागडुजी त्यांच्याकडे ठेवा. पण छत गळायला लागलं तर खर्च कुणाचा? त्यासाठी वेगळी रक्कमच ठेवलेली बरी, कारण मुलं 'घर अजून आमचं कुठंय' म्हणून हात वर करतात.

आणि एका ओळीत 'पूर्ण मालकीने पत्नीला' व पुढच्या ओळीत 'तिच्यानंतर मुलांना', असलं मात्र करू नका. मग खरी इच्छा कोणती, हे कोर्टाला शोधत बसावं लागतं. एखादं मूल आईच्या आधी गेलं तर त्याचा वाटा कुणाला, तेही त्याच कलमात घाला.